फाइल चालवली, काहीच झालं नाही!

संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "सर, ती संशयास्पद फाइल मी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून बघितली. काहीच झालं नाही. म्हणजे ती चांगली असणार ना?"

हा निष्कर्ष मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे, आणि तो धोकादायक आहे. का, ते समजून घ्यायला फाइल्स अडवून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या मालवेअरसारखं दुसरं उदाहरण नाही.

12 मे 2017, शुक्रवार. जगभरातल्या विंडोज संगणकांवरच्या फाइल्स एकामागून एक कुलूपबंद होऊ लागल्या. पडद्यावर 300 डॉलरची मागणी आली, तीही बिटकॉइनमध्ये. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. आपल्याकडे त्याच दिवसांत 'एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार' असे व्हॉट्सअ‍ॅप संदेश फिरत होते. ते पुढे पाठवण्याआधी कोणी विचारलं नाही की हा मालवेअर पसरतो कसा. तो पसरत होता विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या एका त्रुटीतून. त्या त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट केलं होतं, त्यांच्या संगणकात त्याला त्या वाटेनं शिरता येत नव्हतं.

अशी फाइल तपासायच्या दोन वाटा आहेत. ती न चालवता नुसती वाचायची, हे स्टॅटिक विश्लेषण. व्हर्च्युअल मशीनसारख्या बंदिस्त जागी, म्हणजे संगणकाच्या आत उभ्या केलेल्या वेगळ्या संगणकात, चालवून ती काय करते ते पाहायचं, हे डायनॅमिक विश्लेषण. वॉनाक्राय पहिल्या वाटेनं बघू. फाइलमधले वाचता येण्याजोगे शब्द बाहेर काढणारी ही साधी आज्ञा:

```
strings -n 8 sample.exe | grep -i http
```

वॉनाक्रायचा पसरणारा भाग असा तपासला की एक विचित्र पत्ता समोर येतो: `http://www.iuqerfsodp9ifjaposdfjhgosurijfaewrwergwea.com`. कीबोर्डवर बोटं आपटून टाइप केल्यासारखा. पाहणाऱ्याला वाटेल, हा हल्लेखोराचा सर्व्हर, इथूनच हुकूम येत असणार. नुसते शब्द वाचण्याची मर्यादा इथे कळते. पत्ता आहे एवढं समजतं, त्याचं काय केलं जातं ते समजत नाही. त्यासाठी घिड्रासारख्या साधनात फाइल उघडून कोड वाचावा लागतो. तिथे दिसणाऱ्या कोडचा मथितार्थ असा (शेवटचं नाव मी दिलेलं आहे):

```
h = InternetOpenUrlA(..., url, ...);
if (h != 0) return;
install_and_spread();
```

म्हणजे पत्ता उघडला तर गपचूप बंद हो; उघडला नाही तर हल्ला कर. आपण धरून चाललो होतो त्याच्या बरोबर उलट!

त्या शुक्रवारी इंग्लंडमधल्या मार्कस हचिन्स या 22 वर्षांच्या संशोधकानं वॉनाक्रायचा नमुना आपल्या बंदिस्त यंत्रणेत चालवला. तो एका पत्त्याशी संपर्क करू पाहतोय आणि तो पत्ता कोणाच्याच नावावर नाही, हे त्याला दिसलं. मालवेअर वापरत असलेले असे पत्ते स्वतःच्या नावावर घेऊन संसर्ग किती पसरलाय ते मोजणं हे त्याचं रोजचं काम होतं. त्यानं सुमारे 10 डॉलर भरून तो पत्ता घेतला. थोड्याच वेळात धास्तावणारी बातमी आली की पत्ता घेतल्यामुळेच फाइल्स कुलूपबंद होऊ लागल्यात. त्यानं नमुना पुन्हा चालवला, काहीच झालं नाही. मग कुठलं नाव कुठे न्यायचं ते ठरवणाऱ्या, आपल्या चाचणी-यंत्रातल्या hosts फाइलमध्ये बदल करून तो पत्ता मुद्दाम पोहोचणार नाही असा केला आणि परत चालवला. या वेळी फाइल्स कुलूपबंद झाल्या, आणि स्वतःचं यंत्र लुटलं गेल्याच्या आनंदात तो खोलीभर उड्या मारू लागला. एकच फाइल, एकच यंत्र, फरक फक्त एका पत्त्याच्या उत्तराचा. जगभरातला तो प्रसार त्या पत्त्यामुळेच रोखला गेला.

पण असा दरवाजा कोणी कशाला ठेवेल? हचिन्सचा अंदाज असा: मालवेअर तपासणाऱ्या यंत्रणांमध्ये बहुतेकदा खोटं इंटरनेट असतं. मालवेअरला बोलतं करायचं म्हणून तिथे कुठल्याही पत्त्याला 'हो, मी इथे आहे' असं उत्तर दिलं जातं. खऱ्या जगात अस्तित्वात नसलेला पत्ता उत्तर देतोय, म्हणजे आपण प्रयोगशाळेत सापडलोय, हे मालवेअरला ओळखता येतं. नेकर्स नावाचा मालवेअर तर पाच भलतेसलते पत्ते विचारायचा, आणि पाचही एकाच ठिकाणी नेत असतील तर थांबायचा.

आता हे घरी कसं पाहायचं? 16 जीबी मेमरीचा संगणक असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन यंत्रं सहज उभी राहतात. एक विंडोज 10, बळी जाण्यासाठी. दुसरं रेमनक्स, म्हणजे विश्लेषणाची साधनं घालून तयार केलेलं लिनक्स. त्यातलं `inetsim` खोटं इंटरनेट चालवतं. लागणारी साधनं आधी इंटरनेट चालू ठेवून भरून घ्या. मग दोन्ही यंत्रांचं नेटवर्क `Internal Network` करा. `Host-only` नको, कारण त्यात तुमचा खरा संगणकही त्याच जाळ्यात बसतो आणि वॉनाक्राय शेजारच्या प्रत्येक यंत्राचं फाइल-शेअरिंगचं 445 क्रमांकाचं दार ठोठावत फिरतो. विंडोजला 10.0.0.5 आणि रेमनक्सला 10.0.0.3 असे पत्ते द्या, विंडोजचा गेटवे आणि डीएनएस म्हणून रेमनक्सचाच पत्ता लिहा, आणि `inetsim` च्या सेटिंगमध्येही तोच पत्ता घाला. शेअर्ड फोल्डर, क्लिपबोर्ड, ड्रॅग अँड ड्रॉप बंद करा. आतल्या विंडोजचा डिफेंडरही बंद लागतो, नाहीतर तो नमुनाच पुसून टाकतो. मग स्नॅपशॉट घ्या, म्हणजे यंत्राच्या या स्थितीवर नंतर परत येता येईल.

नमुना आत नेण्याआधी विंडोजमधून `ping 8.8.8.8` करा, मग तुमच्या खऱ्या संगणकाच्या आयपीला. दोन्हीकडून उत्तर येता कामा नये. एकाकडूनही आलं तर तिथेच थांबा आणि नेटवर्क दुरुस्त करा. नमुने सहसा `infected` या पासवर्डच्या झिपमध्ये मिळतात; ती झिप फक्त आतल्या यंत्रात उघडायची.

एवढं करूनही भिंत अभेद्य नसते. नोव्हेंबर 2018 मध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या नेहमीच्या नेटवर्क कार्डातच अशी त्रुटी जाहीर झाली होती, जिच्यातून आतला प्रोग्रॅम बाहेरच्या संगणकात येऊ शकत होता. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स कायम ताजं ठेवायचं, आणि ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर हा उद्योग करायचा नाही.

आता वॉनाक्राय दोनदा चालवल्याची कल्पना करा. `inetsim` चालू असेल तर त्याच्या नोंदवहीत त्या विचित्र पत्त्याची एकच विचारणा दिसते आणि प्रोसेस लगेच संपते. स्नॅपशॉटवर परत जाऊन `inetsim` बंद ठेवून चालवलं तर पत्ता सापडत नाही, `mssecsvc2.0` नावाची सर्व्हिस उभी राहते, `C:\Windows` मध्ये `tasksche.exe` येते आणि फाइल्सच्या नावांना `.WNCRY` हे शेपूट लागतं.

त्या विद्यार्थिनीला मी एवढंच विचारलं, "तुझं `inetsim` चालू होतं का?" होतं. मग तिनं नोंदवही उघडली. फाइल चालवली त्या मिनिटाला एका पत्त्याची एकच विचारणा होती, आणि तिनं ती पाहिलीच नव्हती.