उत्तराच्या शेजारून परत फिरणारा तक्ता

x³ − 2x − 5 = 0. न्यूटनने १६६९च्या हस्तलिखितात आपली रीत दाखवायला हेच समीकरण घेतले होते, आणि आजही सरावासाठी याच्याइतके सोयीचे दुसरे समीकरण शोधावे लागेल. डावी बाजू f(x) म्हणू. x = २ ठेवले तर −१ येते, x = ३ ठेवले तर १६. एकीकडे ऋण, दुसरीकडे धन आणि मधला वक्र अखंड, म्हणजे २ आणि ३ यांच्या दरम्यान तो कुठेतरी शून्य ओलांडतोच.

द्विभाजन पद्धत एवढ्याच भांडवलावर चालते. अंतराल a ते b घ्या, मध्य m काढा, f(m) चे चिन्ह बघा. ज्या अर्ध्या भागाच्या दोन टोकांना चिन्हे विरुद्ध आहेत तो ठेवा, दुसरा सोडा.

| फेरी | a | b | m | f(m) |
|---|---|---|---|---|
| १ | २ | ३ | २.५ | +५.६२५० |
| २ | २ | २.५ | २.२५ | +१.८९०६ |
| ३ | २ | २.२५ | २.१२५ | +०.३४५७ |
| ४ | २ | २.१२५ | २.०६२५ | −०.३५१३ |
| ५ | २.०६२५ | २.१२५ | २.०९३७५ | −०.००८९ |
| ६ | २.०९३७५ | २.१२५ | २.१०९३७५ | +०.१६६८ |

शेवटच्या दोन ओळी पाहा. खरे मूळ २.०९४५५१४८… आहे. पाचव्या फेरीत आपण त्याच्या अगदी दाराशी होतो, चूक जेमतेम ०.०००८. सहाव्यात ती ०.०१४८ झाली! विद्यार्थी इथे हमखास खोडरबर उचलतात, पण आकडेमोड बरोबर आहे. f(m) शून्याच्या किती जवळ आले, याकडे ही पद्धत ढुंकूनही पाहत नाही. तिला फक्त चिन्ह कळते. तिची हमी मध्यबिंदूबद्दल नसून अंतरालाच्या रुंदीबद्दल आहे: दर फेरीला रुंदी निम्मी. सुरुवातीला रुंदी १ असल्याने ती ०.०००००१ च्या खाली न्यायला २० फेऱ्या लागतात, कारण २ चा विसावा घात दहा लाखांच्या थोडा वर जातो. हा हिशेब तक्ता मांडण्याआधीच करता येतो.

वाया जाणारी ती माहिती स्पर्शिकेची पद्धत वापरते. x = २ पाशी f ची किंमत −१ आणि वक्राचा उतार, म्हणजे 3x² − 2, हा १०. तिथे स्पर्शिका काढली तर ती अक्षाला १/१० पुढे छेदते, म्हणून पुढचा अंदाज २.१. न्यूटनने स्वतः उताराचे नावही घेतले नव्हते. त्याने x = 2 + p ठेवून p³ + 6p² + 10p − 1 = 0 मिळवले आणि p लहान म्हणून वरचे घात सोडून दिले; उरलेला १० म्हणजेच आपला उतार. १६९० मध्ये जोसेफ रॅफसनने दर वेळी नवे समीकरण न मांडता मूळ समीकरणातच नवा अंदाज घालायची सोय केली, म्हणून दोघांची नावे जोडली जातात.

| फेरी | x | f(x) | उतार | पुढचा x |
|---|---|---|---|---|
| १ | २ | −१ | १० | २.१ |
| २ | २.१ | ०.०६१ | ११.२३ | २.०९४५६८१२ |
| ३ | २.०९४५६८१२ | ०.०००१८६ | ११.१६१६ | २.०९४५५१४८ |

बरोबर दशांश स्थळे दर फेरीला साधारण दुप्पट होतात. तीन फेऱ्यांत आठ स्थळे मिळाली.

पण सुरुवात ० पासून करून बघा. उतार −२, स्पर्शिका थेट −२.५ वर नेते, तिथून −१.५६७, मग −०.५०३, मग −३.८२१. वक्राला −०.८१६ पाशी एक टेकाड आहे, पण त्याचा माथाही अक्षाच्या बराच खाली, −३.९ च्या आसपास. त्या टेकाडाजवळ स्पर्शिका जवळपास आडवी होते आणि पुढचा अंदाज कुठल्या कुठे जाऊन पडतो. धन बाजूला यायलाच बारा फेऱ्या जातात. म्हणून माझा कल असा: आधी द्विभाजनाने अंतराल आवळून घ्या, मग स्पर्शिका लावा, आणि ती अंतरालाबाहेर उडी मारू लागली तर त्या फेरीपुरता मध्य घ्या.

हाताने तक्ता भरताना चूक झाली तर काय, यातही दोघींचे स्वभाव वेगळे. स्पर्शिकेच्या तक्त्यात २.१ ऐवजी चुकून २.२ लिहिले, तरी पुढच्या फेरीत २.१००३ येते, फार तर एक फेरी वाढते. द्विभाजनात मात्र तिसऱ्या ओळीतले अधिक चिन्ह वजा लिहिले की अंतराल २.१२५ ते २.२५ होते आणि मूळ कायमचे बाहेर पडते. तक्ता तरीही शहाण्यासारखा आवळत जातो आणि २.१२५ हे उत्तर देतो. ओळखायची खूण अशी की त्यानंतर f(m) चे चिन्ह दर वेळी अधिकच येते आणि a जागचा हलत नाही. असा रकाना दिसला की त्या न हललेल्या टोकाशी f पुन्हा काढून पाहावे: इथे +०.३४५७ निघेल, आणि वजा चिन्ह कुठे घुसले ते तिथेच सापडेल.