हॅमिंग ७,४: दोन बिट उलटले तर?

‘हॅमिंग ७,४ एक चूक दुरुस्त करतो आणि दोन चुका निदान ओळखतो ना?’

दोन्ही एकदम नाही. हॅमिंग ७,४ म्हणजे चार डेटा बिटांना तपासणीचे तीन पॅरिटी बिट जोडून केलेला सात बिटांचा कोड. डेटा १०११ घ्या. तो ३, ५, ६, ७ या जागी बसतो. १, २, ४ या जागा पॅरिटीच्या. प्रत्येक पॅरिटी बिट आपल्या गटातली एकांची संख्या सम ठेवतो: १ चा गट १-३-५-७, २ चा २-३-६-७, ४ चा ४-५-६-७. या सम पॅरिटीने कोड होतो ०११००११.

पाचवा बिट उलटला, तर ०११०१११ येतं. १-३-५-७ आणि ४-५-६-७ या गटांत एकांची संख्या विषम निघते, २-३-६-७ मध्ये सम. चुकलेल्या गटांचे पहिले आकडे १ आणि ४, बेरीज ५. पाचवा बिट उलटा, काम झालं.

आता पाचवा आणि सहावा दोन्ही उलटवा: ०११०१०१. या वेळी १ आणि २ चे गट चुकतात, बेरीज ३. डिकोडर बिनधास्त तिसरा, धडधाकट बिट उलटतो. डेटा ०१०१ होतो, आणि पुन्हा तपासलं तर सगळं ठीक दिसतं!

दुरुस्ती न करता नुसतं तपासलं, तर दोन चुका नक्की कळतात. दोन्ही हवं असेल तर सातही बिटांवर आठवा पॅरिटी बिट लावा. बेरीज शून्य नाही पण एकूण पॅरिटी जुळते, म्हणजे दोन चुका: हात न लावता डेटा पुन्हा मागवा.