बारशातलं भाषण: ‘जान्हवी’ हे नाव कुठून आलं

मराठवाड्यात पूर्वी बारशाला भाषण नसायचं. बाळाला पाळण्याखालून-वरून देत ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणायचं, आत्यानं कानात ‘कुर्र’ करून नाव सांगायचं, मग घुगऱ्या वाटायच्या. नाव आजीचं, देवाचं किंवा गावच्या नदीचं असे, त्यामुळे ते का ठेवलं हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. आता आत्या नाव सांगून झाली की तिच्याच हाती माइक येतो, कारण नाव ऐकून समोरच्या म्हाताऱ्या विचारतात, ‘म्हंजे काय गं?’

गंगाखेडच्या एका घरात मुलीचं नाव जान्हवी ठेवलं. जन्म उत्तराषाढाच्या तिसऱ्या चरणावरचा, म्हणून गुरुजींनी ‘जा’ अक्षर काढून दिलं. पण अक्षर म्हणजे फक्त दार. त्यातून जाई, जागृती असं कितीतरी आत आलं असतं. जान्हवीच का, ते आत्यानं भाषणात सांगितलं.

बाळाच्या पणजीचं माहेरचं नाव गंगा. गोदाकाठची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात, काठच्या मुलखाला गंगाथडी म्हणतात, त्यामुळे हे नाव घरोघर असे. पण लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि गंगा मागं पडली. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर सगळीकडे सासरचंच नाव. त्या प्रथेनं बायकांच्या किती पिढ्यांची नावं पुसली, याचं मला फार वाईट वाटतं. नातवंडांना तर तिचं जन्माचं नाव माहीतही नव्हतं.

भगीरथामागून येताना गंगेनं जह्नू ऋषींची यज्ञभूमी बुडवली. ऋषींनी रागानं ती सगळी पिऊन टाकली आणि विनवण्या झाल्यावर कानातून बाहेर सोडली. तेव्हापासून ती जह्नूची मुलगी, जान्हवी. गिळली गेलेली गंगा नव्या नावानं परत आली, ही गोष्ट पणजीला अगदी लागू पडते. आत्यानं ती सांगितली तेव्हा मागं बसलेल्या चुलत आज्यांनी आपापली माहेरची नावं सांगायला सुरुवात केली.

असं भाषण फसतं ते बहुधा नुसता ‘जान्हवी म्हणजे गंगा’ एवढा अर्थ सांगितल्यानं. तो कोणत्याही जान्हवीला चालतो. या घरात ती का आली, ते त्यात येत नाही.

एक गोष्ट मात्र बारशाआधीच ठरवावी. संस्कृतात ‘जाह्नवी’, मराठीत रूढ ‘जान्हवी’. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव नंतर वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. बारशात जे रूप सांगितलं तेच दाखल्यावर जायला हवं, नाहीतर शाळेच्या कागदांत एक आणि दाखल्यावर दुसरं, असा घोळ होतो.