विलंबित वार्षिकी व शाश्वत वार्षिकी : वर्तमान मूल्य

ठरावीक रकमेचे हप्ते आजपासून काही वर्षांनी सुरू होऊन ठरावीक काळ चालत असतील, तर त्या मालिकेला विलंबित वार्षिकी म्हणतात. हप्ते कधीच थांबणार नसतील, तर ती विलंबित शाश्वत वार्षिकी. हे सगळे हप्ते आज एकरकमी घेतले तर किती रक्कम योग्य ठरेल, त्या रकमेला वर्तमान मूल्य म्हणतात. गणित दोन टप्प्यांचे आहे: आधी मालिकेचे मूल्य तिच्या उंबरठ्यावर काढायचे, मग ती रक्कम आजवर मागे आणायची. चूक जवळजवळ नेहमी दुसऱ्या टप्प्यात होते.

नेहमीच्या वार्षिकीचे सूत्र पहिल्या हप्त्याच्या दिवशीचे मूल्य देत नाही, त्याच्या एक कालखंड आधीचे देते. म्हणून पहिला हप्ता पाचव्या वर्षाअखेर असेल, तर सूत्रातून येणारी रक्कम चौथ्या वर्षाअखेरची असते आणि ती चारच वर्षे मागे आणावी लागते.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेसाठी जमीन खंडाने दिली आहे असे धरू. लागवड आणि मांडवाचा खर्च खंडकऱ्याचा, त्यामुळे पहिली चार वर्षे खंड माफ. पाचव्या वर्षाअखेरपासून दरसाल 1,00,000 रुपये, असे दहा हप्ते. व्याजदर 8 टक्के. दहा हप्त्यांचे चौथ्या वर्षाअखेरचे मूल्य 6,71,008 रुपये येते. त्याला 1.08 च्या चौथ्या घाताने, म्हणजे 1.3605 ने भागले की आजचे मूल्य 4,93,211 रुपये. हप्ता R, दर i, हप्ते n आणि पहिला हप्ता m व्या वर्षाअखेर असेल, तर:

```
PV = R × [1 − (1+i)^(−n)] / i ÷ (1+i)^(m−1)
=PV(8%,10,-100000)/(1+8%)^4
```

दुसरी ओळ स्प्रेडशीटची. पाचव्या वर्षाचा हप्ता म्हणून घात 5 घेतला, तर उत्तर 4,56,677 येते, म्हणजे 36,534 रुपयांनी कमी. चूक आकड्याकडे बघून कळत नाही. रक्कम बँकेत ठेवल्यासारखी पुढे चालवून बघितली की कळते. 4,93,211 रुपये चार वर्षे 8 टक्क्यांनी वाढवून दरसाल एक लाख काढले, तर दहाव्या हप्त्याला खाते बरोबर शून्यावर येते. 4,56,677 रुपये ठेवले, तर नवव्या हप्त्यालाच पावणेसात हजारांच्या आसपास कमी पडतात आणि दहाव्याला काहीच उरत नाही.

आपल्या बोलण्यातही एक खड्डा आहे. ‘पाचव्या वर्षी खंड’ म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला की अखेरीला? सुरुवातीला असेल, तर तो चौथ्या वर्षाअखेरचाच क्षण. मूल्य 5,32,668 होते. उलट ‘पाचव्या वर्षाची अखेर’ आणि ‘सहाव्याची सुरुवात’ हा एकच दिवस. करारात म्हणूनच वर्षाचा क्रमांक न लिहिता तारीख लिहावी.

शाश्वत मालिकेत पहिला टप्पा सोपा आहे: हप्ता भागिले दर. वरचाच खंड कायमचा असेल, तर 1,00,000 ला 0.08 ने भागून 12,50,000, हेही चौथ्या वर्षाअखेरचे. आज ते 9,18,787 रुपये. यातून पंधराव्या वर्षाअखेरपासूनची शाश्वत मालिका वजा केली (आजचे मूल्य 4,25,576), की उरतात दहा हप्ते, म्हणजे पुन्हा 4,93,211. पडताळणीला ही वजाबाकी उत्तम. मात्र शाश्वत मूल्य दराच्या बाबतीत फार हळवे असते: 8 ऐवजी 7 टक्के धरले, तर 9,18,787 चे 10,89,850 होतात.

कालखंड वर्षाचाच असतो असेही नाही. नाशिकच्या सिंहस्थाला दर खेपेस अन्नदानासाठी 1,00,000 रुपये द्यायचे, सुरुवात 2039 पासून, असा निधी घ्या (अंतर नेमके 12 वर्षे धरले आहे, गुरूची प्रदक्षिणा 11.86 वर्षांची, त्यामुळे ते कधीमधी सरकते). 8 टक्क्यांनी बारा वर्षांचा दर 1.08^12 − 1, म्हणजे 151.817 टक्के, 12 गुणिले 8, म्हणजे 96 टक्के नव्हे. लाखाला 1.51817 ने भागून 65,869 रुपये येतात आणि ते एक कालखंड आधीचे, म्हणजे 2027 चे. निधी 2029 मध्ये भरायचा असेल, तर ही रक्कम मागे नाही, दोन वर्षे पुढे न्यायची: 76,829 रुपये.