झाडाचं वजन आलं कुठून? वर्गाआधीच्या एका प्रश्नाची जडणघडण

फ्लिप्ड क्लासरूममध्ये मुलांनी लेख घरी वाचून यायचं आणि वर्गातला वेळ त्यावर डोकं चालवायला ठेवायचा, अशी वाटणी असते. मुलांनी वाचलं का आणि वाचलेलं कळलं का, हे पाहण्यासाठी आदल्या दिवशी तीन-चार प्रश्नांची छोटी चाचणी दिली जाते. बऱ्याच ठिकाणी ती हजेरीसारखी घेतात: कोणी वाचलं, कोणी टाळलं, एवढंच बघतात. माझ्या मते तिचं खरं काम निराळं आहे. उद्याच्या तासाला काय शिकवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे शिक्षकाला तासाआधीच कळलं पाहिजे. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या विद्यापीठात ग्रेगर नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात भौतिकशास्त्राच्या वर्गांसाठी नेमकी हीच पद्धत बसवली. मुलांची उत्तरं तासाच्या काही तास आधी येत आणि शिक्षक त्यावरून तास बेतत.

चाचणी हे काम करील की नाही, हे प्रश्न कसे लिहिले आहेत त्यावर ठरतं. एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, आठवीच्या वर्गाला व्हॅन हेल्मोंटच्या प्रयोगावरचा दीड पानाचा लेख वाचायला दिला आहे. सतराव्या शतकातल्या या फ्लेमिश वैद्याने कुंडीत सुमारे ९१ किलो वाळवलेली माती भरली आणि त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७७ किलोंच्या आसपास गेलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम ५७ ग्रॅमने कमी भरली. त्याने निष्कर्ष काढला की, झाड पाण्यापासूनच बनलं. हा निष्कर्ष अपुरा होता, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा झाडाच्या वाढीतला वाटा तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात हे सांगितलं आहे.

यावर सगळ्यात आधी सुचणारा प्रश्न असतो, 'प्रयोग किती वर्षं चालला?' याचं उत्तर द्यायला लेख वाचावाच लागत नाही. मोबाइलवर बोट फिरवत 'वर्षं' हा शब्द शोधला की झालं. दुसरा सुचतो, 'वनस्पती अन्न कशाच्या साहाय्याने तयार करतात?' हा तर लेख न उघडताही सुटतो, कारण पाठ्यपुस्तकातलं वाक्य पाठ असतं. हा धोका मोठमोठ्या परीक्षांनाही चुकलेला नाही. स्टुअर्ट कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या एसएटी परीक्षेतले आकलनाचे प्रश्न विद्यार्थ्यांना उताऱ्याशिवाय सोडवायला दिले, तर नुसत्या अंदाजाने जितके बरोबर यावेत त्यापेक्षा बरेच जास्त बरोबर आले. म्हणून आपले प्रश्न पाठवण्याआधी लेख न वाचलेल्या एखाद्या सहकाऱ्याला किंवा घरातल्या कोणाला विचारून पाहावेत. ज्याला तो विषय साधारण माहीत आहे पण ज्याने लेख वाचलेला नाही, त्याने पटापट सगळे सोडवले, तर ते प्रश्न लेखाबद्दलचे नाहीतच.

आता कामाचा प्रश्न: 'हेल्मोंटचं झाड कापून पूर्ण वाळवलं, तर उरलेल्या लाकडातलं बहुतेक वजन मुळात कुठून आलं असेल?' पर्याय चार: माती, घातलेलं पाणी, हवा, सूर्यप्रकाश. यातला प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक समजुतीवर बेतलेला आहे. 'झाड माती खातं' ही लहानपणापासूनची कल्पना. 'पाणी' हे लेख अर्धा वाचून हेल्मोंटचा निष्कर्षच लेखकाचा निष्कर्ष धरणाऱ्यांचं उत्तर. 'सूर्यप्रकाश' म्हणणाऱ्यांच्या मनात ऊर्जा आणि पदार्थ यांची गल्लत झालेली असते. त्यामुळे कोण चुकलं याबरोबर का चुकलं, हेही उत्तरांवरून दिसतं.

प्रश्नातला 'पूर्ण वाळवलं' हा तपशील फार महत्त्वाचा आहे. तो गाळला तर प्रश्नच चुकतो, कारण ताज्या झाडाच्या वजनात पाण्याचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो आणि 'पाणी' म्हणणारं मूल चूक ठरवता येत नाही. वाळलेल्या लाकडात निम्मा कार्बन असतो आणि उरलेल्यात बहुतेक ऑक्सिजन. हे दोन्ही मुख्यतः हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतात. पाण्यातून येतो तो हायड्रोजन, वजनाने अगदी थोडा. वर्गातली सगळ्यात हुशार मुलंच एखाद्या प्रश्नात चुकू लागली, तर असा काही दोष राहिला आहे का, हे आधी तपासावं.

समजा, चाळीस मुलांच्या उत्तरांत माती ७, पाणी १९, हवा १०, सूर्यप्रकाश ४ अशी विभागणी आली. वर्ग नापास झाला असं म्हणून हा आकडा बाजूला ठेवू नये. मातीवाले सातच आहेत, म्हणजे प्रयोगाची मांडणी बहुतेकांना कळली आहे. ती फळ्यावर पुन्हा काढायची गरज नाही आणि तेवढी पंधरा मिनिटं वाचली. अडलंय ते हवेपाशी. दिसत नाही, हाताला लागत नाही, अशा गोष्टीतून झाडाचं एवढं लाकूड कसं उभं राहील, हे मुलांच्या मनाला पटत नाही. उद्याचा तास तिथून सुरू करायचा.

चाचणीत एक प्रश्न मोकळा ठेवावा: 'लेखातलं काय कळलं नाही? सगळं कळलं असेल तर सगळ्यात नवलाचं काय वाटलं?' हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात असाच प्रश्न वापरला आणि त्याला गुण दिले ते प्रयत्नाला, उत्तर बरोबर असण्याला नाही. मला हे फार पटतं. बरोबर उत्तराला गुण ठेवले की मुलं आपलं अडलेलं लपवतात आणि व्हॉट्सॲपवर एकाचं उत्तर चाळिसांकडे फिरतं. फिरलेलं उत्तर ओळखणं फारसं कठीण नाही. पर्याय सारखे असणं साहजिक आहे, पण मोकळ्या प्रश्नात तेच वाक्य, त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसह चार जणांकडून आलं, की शंका उरत नाही.

वेळेचाही विचार हवा. ज्या घरी एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, तिथलं मूल रात्री आठच्या आधी उत्तर देऊ शकत नाही. मुदत संध्याकाळी सहाची ठेवली तर न वाचलेल्यांच्या यादीत नेमकी हीच मुलं सापडतील. सकाळी सातपर्यंत मुदत द्यावी. शिक्षकाला उत्तरं चाळायला अर्धा तास पुरतो.

या चाचणीतून एकेका मुलाबद्दल निवाडा मात्र करू नये. चार पर्यायांचे तीन प्रश्न डोळे मिटून सोडवले तरी निदान एक बरोबर येण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के असते. वर्गाचा कल दाखवायला तीन प्रश्न पुरतात, पण अमक्याला किती कळलं हे ठरवायला ते फार थोडे आहेत.

तासानंतर तोच प्रश्न पुन्हा विचारला तर 'हवा' म्हणणारे वाढलेले दिसतील, पण त्यातले किती जण नुसतं उत्तर लक्षात ठेवून आहेत हे कळणार नाही. म्हणून आठवड्याने प्रश्न बदलून विचारावा: 'चुलीत पाच किलो वाळलेलं लाकूड जाळलं आणि मूठभर राख उरली. बाकीचं वजन कुठे गेलं, आणि राखेतला पदार्थ झाडात कुठून आला होता?' हे लेखात कुठेच नाही. 'धुरातून, वायू होऊन हवेत गेलं. राख मातीतल्या क्षारांची' असं जे मूल स्वतःच्या शब्दांत लिहील, त्याला हेल्मोंटची ५७ ग्रॅम माती कुठे गेली असावी हेही सांगता येईल. 'जळून संपलं' असं लिहिणाऱ्यांशी पुन्हा एकदा हवेच्या वजनापासून बोलायला हवं.