निर्मात्याच्या नोट्स: भांडणाऱ्या आणि भांडल्यासारख्या दिसणाऱ्या

कॉलेज रोडवरच्या ऑफिसात दीड तासाची मीटिंग झाली आणि रात्री व्हॉट्सअॅपवर अकरा नोट्स आल्या. त्यात दोन जोड्या एकमेकींच्या विरोधात होत्या. निफाडच्या द्राक्ष बागायतदाराची गोष्ट, व्यापारी माल उचलून पैसे बुडवतो, घरात बाप आणि मुलगा. पटकथा 112 पानांची, म्हणजे ढोबळमानाने तेवढ्याच मिनिटांची.

पहिली जोडी: ‘पूर्वार्ध रेंगाळतोय, छाटा’ आणि ‘बापलेकाचं नातं जाणवत नाही, वाढवा.’ दुसरी जोडी: ‘शूटिंग दिवाळीआधी उरकायचं’ आणि ‘क्लायमॅक्स घडांनी लगडलेल्या बागेत हवा.’

कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. पण पहिलीतलं भांडण खोटं आहे, दुसरीतलं खरं. आणि नवा लेखक दोन्हींवर एकच औषध लावतो: थोडं याचं ऐकायचं, थोडं त्याचं. मीही ते केलंय. तेव्हा दोन्ही तक्रारी तशाच राहिल्या, फक्त ड्राफ्टचा आकडा वाढला.

ओळखायचं कसं? मी निर्मात्याला एवढंच विचारतो, “दादा, कुठल्या पानावर असं वाटलं?” तोडगा विचारत नाही, जागा विचारतो. रेंगाळण्याबद्दल ते म्हणाले, “त्या कर्जाच्या सगळ्या भानगडीत, वीस-पंचवीस पानांच्या आसपास.” नात्याबद्दलही बोट तिथेच आलं. दोन नोट्स एकाच जागी येऊन थांबल्या, की बहुतेक वेळा दुखणं एकच असतं.

मग ती पानं उघडली. पान 19 वर बाप ओट्यावर भावाला कर्ज सांगतो. 23 वर बँकेत साहेब तेच सांगतो. 27 वर आई मुलाला तेच सांगते. तीन सीन, नऊ पानं, बातमी एक, आणि बापलेक एकत्र एकातही नाहीत! म्हणजे लांबीही तिथलीच आणि नात्याचा दुष्काळही तिथलाच.

ओट्यावरचा आणि आईचा सीन काढला. बँकेच्या सीनमध्ये मुलाला सोबत नेलं. साहेब आकडा वाचणार एवढ्यात बाप मुलाला म्हणतो, “जा, सातबाऱ्याची झेरॉक्स काढून आण.” मुलगा फाइल घेऊन जातो. झेरॉक्सवाला पानं उलटत असताना त्याला कर्जाचा कागद दिसतो. तो परत येतो, झेरॉक्स देतो, काहीच बोलत नाही. बाप विचारतो, “किती झाले?” “दोन रुपये.” नवाची चार पानं झाली. दोन्ही नोट्स मान्य, आणि निर्मात्याने सुचवलेला ‘एक भावनिक डायलॉग’ मात्र घ्यावा लागला नाही.

आता दुसरी जोडी. इथे जागा विचारून काही हाती लागत नाही, कारण अडचण पानात नाही, वेलीत आहे. निफाडकडे फळछाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि माल जानेवारीपासून उतरू लागतो. दिवाळीआधी बागेत उघड्या काड्या आणि कोवळी फूट. घड कुठून आणायचे? पटकथा कितीही सफाईने लिहिली तरी तारीख आणि घड दोन्ही मिळत नाहीत. (बागलाणात, सटाण्याकडे, काही जण जून-जुलैतच छाटतात, तिथे दिवाळीआधी वेलीवर घड दिसतात. पण आमचं बाकीचं सगळं लोकेशन निफाडचं. रोजचा सटाण्याचा फेरा बजेटमध्ये बसत नव्हता.)

खऱ्या भांडणात लेखकाने गुपचूप बाजू घेऊ नये. घेतली तर शूटिंगच्या तोंडावर ती उघडी पडते. निवड पैसे घालणाऱ्याची. आपण प्रत्येक वाटेची किंमत मांडायची. आधी दिग्दर्शकाशी बोललो, नाहीतर निर्मात्याकडे दोन तोंडांनी दोन उत्तरं गेली असती. मग लिहून पाठवलं: ‘घड हवे असतील तर क्लायमॅक्सचे तीन दिवस फेब्रुवारीत, म्हणजे युनिट पुन्हा जमवणं आणि नटांच्या तारखा. दिवाळीच हवी असेल तर क्लायमॅक्स छाटणीच्या दिवशी घेतो: पिकाचे पैसे बुडालेत, तरी बाप कात्री मुलाच्या हातात देतो. सोबत दोन पानं जोडली आहेत.’

ती दोन पानं जोडणं मला महत्त्वाचं वाटतं. नुसतं ‘छाटणीत घेऊ’ म्हटलं असतं, तर त्यांच्या डोळ्यासमोर बोडकी बागच आली असती.

उरलेल्या सात नोट्सपैकी पाच सरळ घेतल्या. दोन नाकारल्या, प्रत्येकीला एका ओळीचं कारण देऊन. ‘मुलगा शेवटी पुण्यात नोकरीला जातो’ ही त्यातली एक, कारण मग कात्री देण्याला अर्थच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: “तारीख ठेवा. घड नको. पण कात्रीचा आवाज मोठा घ्या.”