धूसर चित्रफितीतून काय परत आणता येते आणि काय कायमचे गेलेले असते

एका घरगुती चित्रीकरणाचे उदाहरण घेऊ. जात्यावरच्या ओव्या सांगणाऱ्या एका आजींची मुलाखत आम्ही त्यांच्या घरी चित्रित केली. कॅमेरा मध्यम आकाराच्या, म्हणजे सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद सेन्सरचा होता, लेन्स ५० मिलिमीटरची होती आणि खोलीत उजेड कमी असल्याने ॲपर्चर १.८ वर पूर्ण उघडे ठेवले होते. आजींच्या पुढ्यात स्टँडवर मायक्रोफोन होता. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित फोकसने तीन मीटरवरचा तो मायक्रोफोन पकडला आणि त्याच्या मागे तीस सेंटिमीटरवर असलेला आजींचा चेहरा किंचित धूसर राहिला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे कोणाच्याही लक्षात आले नाही. घरी मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर मायक्रोफोनच्या जाळीचे भोक न् भोक स्पष्ट दिसत होते, पण आजींच्या पापण्या मात्र दिसत नव्हत्या.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी ही धूसरता कशाची आहे हे ठरवावे लागते. कॅमेरा किंवा माणूस हलल्यामुळे आलेली धूसरता एका दिशेने ओढलेली असते, त्यामुळे डोळ्यातली चमक रेघेसारखी लांबते. फोकस चुकला असेल तर तीच चमक लहानशा गोल चकतीसारखी पसरते आणि चौकटीत दुसरीच एखादी वस्तू तीक्ष्ण सापडते. आमच्या चित्रफितीत मायक्रोफोन ती साक्ष देत होता.

चकती का पडते, हे समजायला सोपे आहे. फोकस बरोबर असताना वस्तूवरच्या एका बिंदूपासून निघालेले किरण लेन्सच्या सगळ्या भागांतून येऊन सेन्सरवर पुन्हा एका बिंदूत मिळतात. वस्तू मागे असेल तर ते सेन्सरच्या आधीच मिळतात आणि सेन्सरपर्यंत पोहोचेतो पुन्हा फाकतात. वरच्या अंतरांवरून हिशेब केला, तर चेहऱ्यावरच्या प्रत्येक बिंदूची सेन्सरवर सुमारे ०.०४३ मिलिमीटर व्यासाची चकती होते. १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात एक पिक्सेल ०.०१२ मिलिमीटरचा पडतो, म्हणजे चकती साधारण साडेतीन पिक्सेल रुंद झाली. आजींच्या अंतरावर एक पिक्सेल सुमारे ०.८ मिलिमीटर जागा व्यापतो. पुढचा सगळा हिशेब या साडेतीन पिक्सेलांभोवतीच फिरतो.

एडिटिंगच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ‘शार्पन’ नावाची सोय असते आणि तिच्यामागची जुनी युक्ती ‘अनशार्प मास्क’ या नावाने ओळखली जाते. हे नाव डार्करूमच्या काळातले आहे. त्या काळी निगेटिव्हवरून मुद्दाम किंचित धूसर असा पॉझिटिव्ह तयार करत, तो मूळ निगेटिव्हला जोडत आणि त्या जोडीतून प्रिंट काढत. संगणक तेच काम आकड्यांनी करतो. मूळ चित्राची आणखी धूसर प्रत काढायची, ती मुळातून वजा करायची आणि उरलेला फरक मुळात मिळवायचा, एवढीच ती कृती आहे.

गडद केस आणि उजळ भिंत यांच्यामधली कड घेऊन हे पाहू. सलग सात पिक्सेलांची उजळता ५०, ५०, ७५, १००, १२५, १५०, १५० अशी आहे. प्रत्येक पिक्सेलची त्याच्या दोन शेजाऱ्यांसह सरासरी काढली की ५०, ५८, ७५, १००, १२५, १४२, १५० अशी धूसर प्रत मिळते. मुळातून ती वजा केल्यावर दुसऱ्या जागी उणे ८ आणि सहाव्या जागी अधिक ८ उरतात, बाकी सगळीकडे शून्य येते. हा फरक मुळात मिळवला की ५०, ४२, ७५, १००, १२५, १५८, १५० असे चित्र तयार होते. मधला उतार जसाच्या तसा राहिला आहे, हे नीट पाहावे. कड एका पिक्सेलनेही अरुंद झालेली नाही. उताराच्या पायथ्याशी गडद आणि माथ्याशी उजळ अशी एकेक किनार मात्र नव्याने उमटली आहे. आपल्या डोळ्याला अशा किनारीमुळे कड अधिक ठसठशीत भासते. शार्पनिंगचा दृश्य परिणाम बऱ्याच अंशी या भासावर उभा आहे. प्रमाण वाढवत नेले की ४२ च्या जागी २० आणि १५८ च्या जागी १८० येतात, आणि मग केसांभोवती पांढरे वलय दिसू लागते. हात जास्त पडल्याची ती पहिली खूण होय.

परंतु शार्पनिंग हा निव्वळ भास आहे असे म्हणणेही अन्यायाचे ठरेल, कारण धूसर चित्रातले सगळे तपशील सारख्या प्रमाणात कमजोर झालेले नसतात. साडेतीन पिक्सेलांच्या आदर्श चकतीसाठी हिशेब केला, तर दर दहा पिक्सेलांनी पुन्हा येणाऱ्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा ठळकपणा सुमारे ८६ टक्के शिल्लक राहतो. सहा पिक्सेलांच्या पट्ट्यांचा ६३ टक्के, चार पिक्सेलांच्या पट्ट्यांचा ३१ टक्के आणि तीन पिक्सेलांच्या पट्ट्यांचा अवघा ४ टक्के उरतो. प्रत्यक्षातल्या लेन्सची चकती इतकी एकसारखी नसते, म्हणून हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण उतरंड अशीच राहते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, चष्म्याची काडी, कुंकवाची कड हे सगळे पहिल्या दोनतीन पायऱ्यांवरचे तपशील आहेत. ते चित्रात आहेत, फक्त दबलेले आहेत. ३१ टक्क्यांवर आलेली गोष्ट तिपटीने उचलली की मूळच्या जवळ जाते आणि ती खरीच असते.

अडचण खालच्या पायरीवर येते. चार टक्क्यांवर आलेला तपशील मूळपदाला न्यायचा तर त्याला पंचवीसपट करावे लागेल, आणि त्याच आकाराचे सेन्सरचे दाणे, ज्यांना नॉइज म्हणतात, तेही पंचवीसपट होतील. शिवाय बहुतेक कॅमेरे उजळता २५६ पायऱ्यांत नोंदवतात. साडीच्या दोन धाग्यांमधला मूळ फरक २० पायऱ्यांचा असेल, तर त्याचे ४ टक्के म्हणजे ०.८ पायरी, म्हणजे पुरती एक पायरीसुद्धा नाही. त्यानंतर फाइल लहान करणारे कॉम्प्रेशन अशाच बारीक आणि फिक्या फरकांना सर्वांत आधी काढून टाकते. तपशील गणिताने शिल्लक असला तरी फाइलमध्ये तो उरलेला नसतो.

याच्याही पलीकडे अशी एक जागा आहे, जिथे गणितानेही काही शिल्लक राहत नाही. सोय म्हणून गोल चकतीऐवजी दोन पिक्सेल रुंद चौकोनी खिडकी घेऊ, जी शेजारच्या दोन पिक्सेलांची सरासरी देते. १०, ९०, १०, ९० अशा पट्ट्या तिच्यातून गेल्या की ५०, ५०, ५० असा सपाट करडा रंग येतो. ९०, १०, ९०, १० अशा उलट पट्ट्यांतूनही ५०, ५०, ५० च येतात. आणि मुळात पट्ट्या नसलेले, सगळीकडे ५० असलेले कापड घेतले तरी ५०, ५०, ५० च मिळतात. तीन वेगवेगळ्या कापडांचे छायाचित्र तंतोतंत एकच आले. त्या छायाचित्राकडे पाहून मूळ कापड कोणते होते हे सांगणारे सॉफ्टवेअर असू शकत नाही, कारण उत्तर देण्यासाठी लागणारी माहिती फाइलमध्ये पोहोचलेलीच नाही. गोल चकतीच्या बाबतीत ही जागा चकतीच्या व्यासाच्या सुमारे ०.८२ पटीवर येते. साडेतीन पिक्सेलांच्या चकतीसाठी ती २.९ पिक्सेलांवर, म्हणजे आजींच्या पदरावर सुमारे सव्वादोन मिलिमीटरवर होती. त्यांच्या इरकल साडीची बारीक चौकडी नेमकी तेवढीच होती, आणि चित्रात तिच्या जागी एकरंगी कापड दिसते.

त्याहूनही बारीक पट्ट्या पुन्हा फिकट दिसू लागतात, पण उलट्या: काळ्याच्या जागी पांढरी आणि पांढऱ्याच्या जागी काळी. केंद्राकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्यांच्या चाचणीचित्राचा मुद्दाम फोकस चुकवून फोटो काढला, तर हा पालट डोळ्यांनी पाहता येतो. शार्पनिंगला हे कळत नाही. ते उलटा तपशीलही तितक्याच निष्ठेने उचलते आणि पाहणाऱ्याला वाटते की काहीतरी सापडले. गाडीच्या नंबरप्लेटचा धूसर आकडा शार्पनिंग करून ‘वाचणाऱ्यांनी’ हे विशेष लक्षात ठेवावे.

चकतीचा नेमका आकार माहीत असेल तर तिचा परिणाम उलटा फिरवण्याची डीकॉन्व्होल्यूशन नावाची अधिक नेटकी पद्धत आहे. रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लूसी यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली तिची एक रीत आजही वापरात आहे. १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा कडेला सुमारे दोन मायक्रॉन जास्त घासला गेला होता आणि तिच्या धूसर चित्रांवर हीच पद्धत वापरली गेली. तेजस्वी वस्तूंची चित्रे तिने बरीच सुधारली. अंधूक वस्तूंचा प्रकाश मात्र नॉइजमध्ये बुडाला होता आणि त्यांच्यासाठी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना जाऊन प्रकाशमार्गात दुरुस्तीची साधने बसवावी लागली. धूसरता कशी आहे हे जगात सर्वांत नीट मोजलेल्या उपकरणाची ही मर्यादा होती.

आमच्या मुलाखतीवर शेवटी जे केले ते असे. आधी नॉइज थोडा कमी केला, मग चित्र १२८० गुणिले ७२० आकाराचे केले आणि सर्वांत शेवटी शार्पनिंग केले. ffmpeg या चित्रफिती हाताळणाऱ्या प्रोग्रॅमला त्यासाठी दिलेली आज्ञा अशी होती.

```
ffmpeg -i ovi.mp4 -vf "hqdn3d=2:1.5:3:2.5,scale=1280:720,unsharp=5:5:0.7:5:5:0" -c:v libx264 -crf 16 -c:a copy ovi_720.mp4
```

हा क्रम महत्त्वाचा आहे. शार्पनिंग आधी केले तर नॉइज मोठा होऊन मग तो पुसावा लागतो आणि त्याबरोबर सुरकुत्याही पुसल्या जातात. नॉइज फार जोराने पुसला तर हलत्या हाताच्या मागे सावली ओढली जाते, म्हणून आकडे लहान ठेवले. चित्र लहान केल्याने साडेतीन पिक्सेलांची चकती २.३ पिक्सेलांची झाली आणि ज्या बारीक तपशिलांत तसेही काही नव्हते ते बहुतांशी आपोआप गळले. माझ्या मते सौम्य धूसरतेवरचा हा सर्वांत प्रामाणिक उपाय आहे. `unsharp` मधला ०.७ हा जोर फक्त उजळतेला दिला असून रंगासाठी शेवटचा आकडा शून्य आहे, कारण अशा फाइलमध्ये रंग मुळातच निम्म्या बारकाईने साठवलेला असतो आणि तो उचलल्यास कडांना रंगीत डाग येतात.

परिणाम तपासताना स्थिर फ्रेमवर विसंबून राहू नये. एका फ्रेममध्ये छान दिसणारे दाणे चित्र चालू केल्यावर मुंग्यांसारखे वळवळतात. आम्ही आधी १.२ चा जोर दिला होता. तेव्हा केसांभोवती वलय दिसले आणि मागच्या भिंतीवर कॉम्प्रेशनचे चौकोन उमटले, म्हणून तो खाली आणला.

आता आजींच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आणि ओठांची हालचाल स्पष्ट दिसते. पापण्यांचे केस वेगळे दिसत नाहीत आणि पदर एकरंगीच आहे. मूळ फाइल न बदलता जपून ठेवली आहे आणि सुधारित प्रतीच्या टिपणात साडी बारीक चौकडीची इरकल होती, असे लिहून ठेवले आहे.